वडिलांच्या ठेवीवर कापलेला दंड परत कसा मागायचा?

*ताई, माझे वडील 21 जानेवारी 2025 ला गेले. त्यांच्या एकट्याच्या नावावर पाच लाखांची तीन वर्षांची मुदत ठेव होती. 17 मार्च 2023 ला ठेवलेली, दर सात टक्के, आई नॉमिनी. मृत्यूचा दाखला आणि दाव्याचा फॉर्म आम्ही 24 फेब्रुवारीला शाखेत दिला. 17 मार्चला आईच्या खात्यात 5,60,478 रुपये आले. सात टक्क्यांनी माझा हिशोब 5,74,441 येतो. विचारलं तर म्हणाले, "मुदतीआधी मोडली की पेनल्टी लागतेच, आणि आईंनी तसं सही करून दिलंय." आईने एका छापील फॉर्मवर सही केली होती हे खरं आहे. हे 13,963 रुपये परत मिळतील का? वडिलांची दोन लाखांची आणखी एक ठेव तिथेच आहे, तिची मुदत सप्टेंबरमध्ये संपते. तिचं काय करू?*
*– एक वाचक, सातारा*

पूर्ण 13,963 मिळणार नाहीत, पण त्यातले साधारण 11,146 रुपये तुमच्या आईंचे आहेत आणि ते बँकेने परत द्यायलाच हवेत. ही दोन रकमांमधली फोड तुम्हाला नीट कळली की अर्धं काम झालं. मी शाखेत अनेक वर्षं मृत खातेदारांचे दावे पाहिले आहेत. अशी कितीतरी पत्रं फक्त एका कारणाने परत गेलेली मला आठवतात: माणसं सगळा फरक "दंड" म्हणून मागतात, बँक त्यातल्या एका भागावर बोट ठेवून "नियमाप्रमाणे" असं लिहिते आणि खरा दंड तसाच राहून जातो.

आधी आकडे बघू. दोन वर्षांत पाच लाखांवर 60,478 रुपये व्याज मिळालं. दर तिमाहीला चक्रवाढ धरून दर उलटा काढला तर तो बरोबर 5.75 टक्के येतो. हा दर कुठून आला? मुदतीआधी ठेव मोडली की बहुतेक बँका दोन गोष्टी करतात. पहिली, ठरलेला दर सोडून देतात आणि ठेव प्रत्यक्षात जितके दिवस राहिली तितक्या मुदतीचा दर लावतात. हा दर ठेव ठेवली त्या दिवशीचा असतो, मोडली त्या दिवशीचा नाही. दुसरी, त्या दरातून दंड म्हणून बहुतेक ठिकाणी एक टक्का वजा करतात. तुमच्या बाबतीत 17 मार्च 2023 ला दोन वर्षांच्या ठेवीचा दर 6.75 असणार, त्यातून एक गेला आणि 5.75 राहिला.

आता प्रत्येक पायरीची रक्कम. सात टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज 74,441 रुपये. 6.75 टक्क्यांनी 71,624. 5.75 टक्क्यांनी 60,478. म्हणजे दर बदलल्यामुळे गेले 2,817 आणि दंडामुळे गेले 11,146.

2,817 रुपये सोडून द्या. ठेव तीन वर्षं राहिली नाही, दोन वर्षं राहिली, म्हणून दोन वर्षांचा दर लागला. ठेवीच्या अटींप्रमाणे ते बरोबर आहे आणि त्याला दंड म्हणत नाहीत. 11,146 मात्र वेगळे. ठेवीदाराचा मृत्यू झाल्यावर ठेव मुदतीआधी मोडली तर दंड लावायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने 9 जून 2005 च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट सांगितलं आहे. खातं उघडण्याच्या फॉर्ममध्येच तसं कलम घाला, असंही त्यात आहे: ठेवीदार गेल्यास ठेव मुदतीआधी मोडता येईल आणि अशा मोडण्यावर दंडात्मक आकारणी होणार नाही. दावा नॉमिनीने केला म्हणून यात काही बदलत नाही.

मी 6.75 हा दर तुमच्या आकड्यांवरून ताडलाय, तो पडताळल्याशिवाय अर्जात लिहू नका. शाखेत 17 मार्च 2023 चं दरपत्रक मागा, किंवा बँकेच्या संकेतस्थळावर जुने दर असतील तर तिथे बघा. वडील ज्येष्ठ नागरिक म्हणून त्यांना जास्त दर मिळत असेल तर दोन वर्षांचा दरही ज्येष्ठ नागरिकांच्या रकान्यातलाच घ्या. काही बँकांचा दंड अर्धा टक्का असतो. तसं निघालं तर दोन वर्षांचा दर 6.25 असेल आणि मागायची रक्कम साडेपाच हजारांच्या आसपास येईल. म्हणून ठेव बंद केल्याची हिशोबाची पावती आधी हातात घ्या. त्यावर मूळ दर, लागू दर, दंडाचा दर आणि कर कापला असेल तर तो वेगवेगळा छापलेला असतो. कर म्हणजे टीडीएस कापलेला दिसला तर तो या हिशोबात मिसळू नका. तो सरकारकडे जातो आणि आयकर विवरणात दाखवता येतो. त्याबद्दल शाखेशी भांडून काही होत नाही.

आता सहीचं. तुमच्या मनाला तीच टोचतेय आणि शाखाही तीच पुढे करेल.

हे घडतं कसं ते सांगते. दाव्याचे कागद एका टेबलावर असतात आणि ठेव बंद करण्याचं काम दुसऱ्या टेबलावर. तिथल्या माणसाच्या हाताशी "मुदतीपूर्वी ठेव बंद करण्याची विनंती" असा गठ्ठ्याने छापलेला फॉर्म असतो. तोच फॉर्म ज्याला घर बांधायला पैसे हवेत त्यालाही देतात आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्यालाही. खाली बारीक अक्षरात "नियमानुसार दंड मान्य" अशी ओळ असते. संगणकात ठेव बंद करताना "ठेवीदाराच्या विनंतीवरून" हा प्रकार निवडला की दंड आपोआप कापला जातो. "ठेवीदार मृत" म्हणून निकालात काढायची असेल तर दंड शून्य करावा लागतो आणि त्याला वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. घाईत ती पायरी राहते. माझ्या हाताखालच्या एका मुलाकडूनही एकदा असंच झालं होतं. ती बाई मुलाला घेऊन तिसऱ्यांदा आली तेव्हा मी तिची फाइल उघडली. दाखल्याची प्रत वरच लावलेली होती, बंद करण्याचा फॉर्म त्याच्या खाली. त्या दोन कागदांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्यावर वाद घालायला काही उरलंच नाही.

तुमचाही मुद्दा तोच आहे. मृत्यूचा दाखला शाखेत 24 फेब्रुवारीला पोचला, ठेव 17 मार्चला बंद झाली. म्हणजे ठेव मोडायच्या आधीच ठेवीदार हयात नाही हे बँकेला लेखी माहीत होतं. मग ठेवीदाराने स्वतः मोडल्यासारखा दंड लावायचं कारण नव्हतं. आई ठेवीदार नाहीत, नॉमिनी आहेत. त्यांनी दाव्याचे पैसे घेतले, स्वतःची ठेव मोडली नाही. छापील फॉर्मवरची सही या वस्तुस्थितीवर मात करत नाही. म्हणून 24 तारखेची पोच हा तुमचा सगळ्यात मोलाचा कागद. दाव्याच्या फॉर्मच्या तुमच्या प्रतीवर शाखेचा इनवर्डचा शिक्का आणि तारीख असेल तर ती जपून ठेवा आणि अर्जाला तिची झेरॉक्सच लावा, मूळ प्रत देऊ नका. पोच घेतली नसेल तर अर्जातच लिहा की आमचा दावा कोणत्या तारखेला नोंदला गेला ते कळवा. इनवर्ड रजिस्टरमध्ये ती नोंद असते.

आणखी एक गोष्ट, कारण ही चूक घरोघरी होते. माणूस गेल्यावर त्याच्या मोबाइलवरून, त्याच्या पासवर्डने ठेव मोडू नका. तसं केलं तर बँकेच्या नोंदीत ठेवीदाराने स्वतःच मोडल्याचं दिसतं, दंड कापला जातो आणि तो परत मागायला तुमच्याकडे काही उरत नाही. शिवाय बाकीचे वारस उद्या विचारू शकतात की हे पैसे कोणी काढले.

अर्ज आईंच्या नावाने, आईंच्या सहीने द्या. लांबलचक लिहू नका. व्यवस्थापक रोज पन्नास कागद बघतो, त्याला पहिल्या चार ओळींत कळायला हवं की काय चुकलं आणि किती रुपये द्यायचे. हा मजकूर वापरा, फक्त रिकाम्या जागा भरा आणि रक्कम तुमच्या पावतीप्रमाणे तपासा:

> प्रति, शाखा व्यवस्थापक, ……
>
> विषय: मृत ठेवीदाराच्या मुदत ठेवीवर लावलेला मुदतपूर्व दंड परत करण्याबाबत. ठेव क्र. ……
>
> माझे पती कै. …… यांचे 21 जानेवारी 2025 रोजी निधन झाले. वरील ठेवीची मी नॉमिनी आहे. मृत्यूचा दाखला व दाव्याचा फॉर्म मी आपल्या शाखेत 24 फेब्रुवारी 2025 रोजी दिला (पोच सोबत). 17 मार्च 2025 रोजी ठेव बंद करताना दोन वर्षांच्या मुदतीच्या 6.75 टक्के दरातून 1 टक्का दंड वजा करून 5.75 टक्क्यांनी व्याज देण्यात आले.
>
> ठेवीदाराच्या मृत्यूनंतर मुदतीआधी ठेव बंद केल्यास दंड आकारू नये, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे. ही ठेव ठेवीदाराच्या विनंतीवरून नव्हे, तर मृत्यूदाव्याच्या निकालात बंद झाली आहे. 6.75 टक्क्यांनी होणारे व्याज 71,624 रुपये आणि दिलेले व्याज 60,478 रुपये, यातील फरक 11,146 रुपये 17 मार्च 2025 पासूनच्या तारखेने माझ्या बचत खात्यात (क्र. ……) जमा करावा.
>
> माझी विनंती मान्य नसल्यास, दंड कोणत्या नियमाखाली लावला ते लेखी कळवावे आणि ठेव उघडतानाच्या फॉर्मची व अटींची प्रत द्यावी.

शेवटचा परिच्छेद गाळू नका. तोंडी "नियमच आहे" म्हणणं सोपं असतं. लेखी कोणता नियम आहे ते सांगायची वेळ आली की फाइल उघडली जाते, आणि फाइल उघडली की वर दाखला दिसतो. उघडतानाच्या फॉर्मच्या प्रतीत मृत्यूबद्दलचं ते कलम असेल तर बँकेकडे उत्तरच नाही. नसेल तरी हरकत नाही, ते कलम घालणं ही बँकेचीच जबाबदारी होती.

"ठेव पुन्हा चालू करा" असं मात्र मागू नका. बंद झालेली ठेव शाखा सहसा पुन्हा उघडत नाही. फरकाची रक्कम मुदत ठेवींवरच्या व्याजाच्या खात्यातून आईंच्या बचत खात्यात जमा करणं त्यांना सोपं जातं. त्यासाठी बऱ्याच बँकांत शाखेला वरच्या कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते, म्हणून दोन आठवडे लागले तर दचकू नका. "वर पाठवलंय" असं सांगितलं तर कोणत्या तारखेला पाठवलं ते विचारून घ्या आणि तुमच्या प्रतीच्या मागे लिहून ठेवा.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. "साहेब आले की देतो" म्हणाले तर तिथेच बसा. आईंना बरोबर नेणं जमत असेल तर न्या, पण बोला तुम्ही. वर्षभरात किती खिडक्यांसमोर त्यांना तीच गोष्ट सांगावी लागली असेल. अर्ज शाखेने घेतलाच नाही तर तोच मजकूर बँकेच्या तक्रार निवारणाच्या ईमेलवर पाठवा. बँकेच्या संकेतस्थळावर नोडल अधिकाऱ्याचा पत्ता आणि ईमेल दिलेला असतो. तक्रार क्रमांक आला की तो लिहून ठेवा, पुढे तोच लागतो.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असायलाच हवी, नाहीतर तिथे तक्रार घेत नाहीत. तक्रार https://cms.rbi.org.in वर करतात, फी लागत नाही, वकील लागत नाही. संगणकाची सवय नसेल तर चंदीगडच्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय तक्रार कक्षाकडे पोस्टानेही पाठवता येते. माहितीसाठी 14448 या क्रमांकावर फोन करता येतो. तिथे जोडायचे कागद तेच: दाखला, दाव्याची पोच, ठेव बंद केल्याची पावती, अर्जाची पोच आणि बँकेचं उत्तर आलं असेल तर ते. लोकपालाकडे जाण्यालाही मुदत असते, म्हणून बँकेचं उत्तर हातात घेऊन महिनोन् महिने थांबू नका. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, पण एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. अकरा हजारांसाठी मी लोकपालाचाच रस्ता धरेन.

हे सगळं बँकेबद्दल झालं. तुम्ही बँकेचं नाव लिहिलं नाहीत, म्हणून एक खबरदारी. ती जर पतसंस्था असेल तर रिझर्व्ह बँकेचे हे नियम आणि लोकपाल तिला लागू होत नाहीत. तिथे संस्थेचे पोटनियम आणि ठेवीच्या पावतीमागच्या अटी बघाव्या लागतात आणि तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करावी लागते. पावतीवरचं नाव एकदा नीट वाचा. आपल्याकडे लोक पतसंस्थेलाही सर्रास "बँक" म्हणतात.

आता सप्टेंबरमधली ठेव. आईंना पैशांची लगेच गरज नसेल तर ती मोडू नका. ठेवीदार मुदतीआधी गेला आणि दावा मुदतीनंतर केला, तर मुदत संपेपर्यंत ठरलेला पूर्ण दर मिळतो, आणि मुदतीनंतर पैसे देईपर्यंतच्या दिवसांसाठीही बँक व्याज देते. म्हणजे त्या ठेवीवर 2,817 रुपयांसारखं साधं नुकसानही होणार नाही. एकच गोष्ट आत्ताच करा. त्या ठेवीला मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरणाची सूचना आहे का ते पावतीवर बघा. असेल तर हाच अर्ज द्यायला जाल तेव्हा दुसरं छोटं पत्र द्या: ठेवीदाराचे निधन झाले आहे, ठेव क्रमांक अमुकचं नूतनीकरण करू नये, मुदत संपल्यावर रक्कम मृत्यूदाव्यानुसार नॉमिनीला द्यावी. नाहीतर सप्टेंबरात ती ठेव वडिलांच्या नावावर पुन्हा नव्या मुदतीसाठी सुरू होईल आणि ती सोडवायला पुन्हा याच काउंटरवर उभं राहावं लागेल. सप्टेंबरात पैसे काढताना कोणी "मुदतपूर्व बंद करण्याचा" छापील फॉर्म पुढे केला तर आईंना सही करू देऊ नका. दाव्याचाच फॉर्म मागा.

जमा झालेली रक्कम पासबुकात छापून घ्या आणि 11,146 शी ताडून बघा. पाचपन्नास रुपयांचा फरक दिवसांच्या मोजणीचा असू शकतो, हजारांचा असेल तर हिशोबाची पावती पुन्हा मागा.